मधल्या सहा वर्षांचे उत्तर

नोकरीत खंड पडलेल्या माणसाचा अर्ज मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही, ही परत येणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण असते. समोर बसलेल्या माणसाने ‘मध्ये काय केलंत?’ असे विचारले तर उत्तर देता येते. विचारणाराच भेटत नसेल तर उत्तर कितीही चांगले असले तरी ते कामाला येत नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ कॅथरीन वाइसहार यांनी २०१८ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी खऱ्या जाहिरातींना काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले होते. शिक्षण आणि अनुभव सारखाच ठेवला, फक्त सध्याची स्थिती बदलली. नोकरीत असलेल्या आयांना शंभरांपैकी सुमारे १५ ठिकाणांहून बोलावणे आले. कंपनीने कमी केल्यामुळे घरी बसलेल्यांना सुमारे १० ठिकाणांहून आले, आणि मुलांसाठी स्वतःहून नोकरी सोडलेल्यांना जेमतेम ५ ठिकाणांहून. वडिलांच्या अर्जांचे आकडेही जवळपास असेच होते.

शेवटच्या दोन आकड्यांतला फरक नीट पाहण्यासारखा आहे. दोघांच्याही हातून काम सारखाच काळ सुटलेले असते, तरी स्वतःहून थांबलेल्याला जास्त नकार मिळतो. म्हणजे मालकाच्या मनात दोन वेगवेगळ्या शंका असतात. पहिली, या माणसाचे कौशल्य जुने झाले असेल. दुसरी, हा पुन्हा सोडून जाईल. खंडाबद्दल बोलताना बहुतेक जण पहिल्याच शंकेचे निरसन करत बसतात, कोर्सची प्रमाणपत्रे पुढे करतात. जास्त नडणारी शंका दुसरी असते, आणि ती प्रमाणपत्राने फिटत नाही. उमेदवार कामाला कसा आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या शब्दानेच ती फिटते. म्हणून परतीची सुरुवात रेझ्युमेपासून करण्यापेक्षा जुन्या ओळखींपासून केलेली बरी.

हे कसे चालते ते एका प्रातिनिधिक उदाहरणावरून पाहता येईल. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत २०१२ मध्ये लागलेली एक टेस्टिंग इंजिनिअर आहे. सात वर्षे तिने बँकांच्या सॉफ्टवेअरचे टेस्टिंग केले, शेवटी चार जणांची टीम सांभाळली. दुसरे बाळंतपण आणि त्याच सुमारास सासऱ्यांना आलेला अर्धांगवायू यामुळे २०१९ मध्ये तिने राजीनामा दिला. २०२५ मध्ये, धाकटा मुलगा पहिलीत गेल्यावर, तिने पुन्हा नोकरी शोधायला घेतली. पहिल्या दोन महिन्यांत तिने पोर्टलवरून दिसेल त्या जाहिरातीला अर्ज केले आणि कुठूनही साधा फोन आला नाही.

यात तिच्या पात्रतेचा दोष नसतो. नोकरीच्या पोर्टलवर एचआरवाले हजारो प्रोफाइल एकेक करून वाचत नाहीत. तंत्रज्ञानाचे शब्द, अनुभवाची वर्षे, शहर, नोटीस पिरियड आणि प्रोफाइल शेवटचे कधी वापरले गेले, असे गाळणे लावून ते यादी छोटी करतात. सहा वर्षांपूर्वीचे शब्द असलेले प्रोफाइल या गाळण्यातून खाली येतच नाही. जे येते त्यात शेवटच्या नोकरीची तारीख २०१९ दिसली की पुढचे वाचण्याआधीच ते बाजूला पडते. अर्जांची संख्या वाढवून यात फारसा फरक पडत नाही.

ओळखीतून नोकरी म्हटले की आपल्याकडे वशिला आठवतो आणि स्वाभिमानी माणूस दोन पावले मागे सरतो. हा संकोच अनाठायी आहे. पात्रता नसताना जागा मिळवून देणे म्हणजे वशिला. पात्र माणसाचा अर्ज योग्य टेबलावर पोहोचवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि खासगी कंपन्यांत तर ती अधिकृत पद्धत आहे. अशा ओळखींमध्येही जवळच्या माणसांपेक्षा दूरची माणसे जास्त उपयोगी पडतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतील न्यूटन या गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अभ्यास करून १९७३ मध्ये हे दाखवून दिले. ज्या माणसाकडून नोकरीची माहिती कळली तो वारंवार भेटणाऱ्यांतला होता, असे सांगणारे सहांत एकच निघाले. बाकीच्यांच्या बाबतीत तो अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. कारण सरळ आहे. नणंद, मैत्रीण, शेजारीण यांना जे माहीत असते ते आपल्यालाही बहुधा माहीतच असते. दूरच्या माणसाचे जग वेगळे, म्हणून त्याची बातमीही वेगळी.

परत येणाऱ्यांच्या दृष्टीने याहून कामाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. डॅनियल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थापकांना, तीन किंवा अधिक वर्षे संपर्क नसलेल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून चालू कामाबद्दल सल्ला विचारायला लावले. पुष्कळांनी आधी आढेवेढे घेतले. प्रत्यक्षात जुन्या माणसांचा सल्ला रोजच्या संपर्कातल्यांइतकाच, काही बाबतींत अधिकच उपयोगी ठरला. मधल्या काळात ही माणसे वेगळ्या ठिकाणी गेलेली असतात, नवे शिकलेली असतात, आणि तरीही जुना विश्वास शिल्लक असतो. या क्षेत्रात दीर्घकाळ काम करणाऱ्या कॅरल फिशमन कोहेन यात आणखी एक मुद्दा घालतात. जुन्या सहकाऱ्यांच्या मनातले आपले चित्र नोकरी सोडली त्या दिवशीच थांबलेले असते. आपला आत्मविश्वास सहा वर्षांत खचलेला असतो, पण त्यांना आठवते ती रात्री अकराला रिलीज सांभाळणारी टीम लीड. खुद्द कोहेन अकरा वर्षांच्या खंडानंतर वित्तक्षेत्रात परतल्या होत्या.

आता कृती. पहिली पायरी म्हणजे यादी, आणि ती डोक्यातून काढता येत नाही. जुने ईमेल, रिलीजच्या वेळचे फोटो, निरोपसमारंभाचा ग्रुप, लिंक्डइनवरची जुनी नावे असे समोर ठेवून बसले की चाळीस-पन्नास नावे सहज निघतात. आपल्या उदाहरणातली बाई आधी आपल्या जुन्या मॅनेजरकडेच वळली असती, बहुतेक जण तेच करतात. पण वरिष्ठ माणूस एकच असतो आणि तो व्यग्र असतो. बरोबरीचे आणि हाताखालचे लोक संख्येने जास्त असतात, आणि सहा वर्षांत त्यांतलेच बरेच जण लीड किंवा मॅनेजर झालेले असतात. तिच्या टीममधला, तिने डिफेक्ट कसा लिहायचा हे शिकवलेला मुलगा आज दुसऱ्या कंपनीत टेस्ट मॅनेजर असणे अगदी शक्य आहे. यादीत त्याचे नाव वर हवे. पूर्वीच्या ज्युनिअरकडे काम मागायचे म्हणजे कमीपणा, असे वाटणाऱ्यांनी आपल्या यादीतली निम्मी माणसे स्वतःच कापून टाकलेली असतात.

पहिल्या निरोपात नोकरी मागू नये. नोकरी मागितली की समोरच्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते आणि ‘आत्ता जागा नाही’ यावर संभाषण संपते. त्याऐवजी त्याला सहज देता येईल अशी गोष्ट मागावी, म्हणजे माहिती. शाळेच्या ग्रुपवरून ‘जॉब असेल तर सांगा’ असा सगळ्यांना एकच निरोप टाकणे तर पूर्णपणे वाया जाते, कारण सगळ्यांना सांगितलेले काम कोणाचेच नसते. चालणारा निरोप साधारण असा असतो:

‘हाय, खूप वर्षांनी मेसेज करतेय. आपण २०१७ मध्ये बँकेच्या मोबाइल ॲपच्या टेस्टिंगवर एकत्र होतो. मी २०१९ मध्ये घरच्या कारणाने थांबले होते, आता पूर्णवेळ परत येतेय. गेले चार महिने ऑटोमेशन शिकतेय. तुमच्याकडे सध्या टेस्टिंगला नेमकं काय वापरतात आणि लीड लेव्हलला काय विचारतात, हे विचारायचं होतं. या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

यात ओळख पटण्यासाठी एक नेमका प्रसंग आहे, खंड एका वाक्यात उरकला आहे, परतीचा निर्णय झालेला दिसतो आणि मागणी छोटी आहे. इतक्या वर्षांत संपर्क न ठेवल्याबद्दल लांबलचक माफी नाही. संपर्क समोरच्यानेही ठेवलेला नसतो, आणि माफी वाचल्यावर त्याला अवघडल्यासारखे होते. पंधरा जणांना असे निरोप गेले तर निम्म्यांचे उत्तर येणार नाही, हे गृहीत धरावे. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग तो विषय सोडावा.

फोनवर तीन गोष्टी काढून घ्यायच्या असतात: आज या कामात काय बदलले आहे, आपल्या अनुभवाला कोणत्या पदाचे नाव लागेल, आणि आणखी कोणाशी बोलावे. तिसऱ्या प्रश्नातून यादी वाढते. पहिल्यातून अभ्यासाची दिशा मिळते. २०१९ मध्ये हाताने टेस्टिंग करणाऱ्यांनाही भरपूर मागणी होती, आणि ऑटोमेशन म्हणजे प्रामुख्याने सेलेनियम. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले आणि मधल्या काळात बरेच प्रकल्प त्याकडे वळले. एपीआय टेस्टिंग आता पायाभूत धरले जाते. सहा महिन्यांचा महागडा कोर्स लावण्याआधी पाच जुन्या सहकाऱ्यांशी बोललेला माणूस नेमके तेवढेच शिकतो. एखाद्या सार्वजनिक संकेतस्थळासाठी पंचवीस-तीस टेस्ट स्वतः लिहून गिटहबवर ठेवल्या, तर त्या तीन प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात.

मग येते रेफरल, आणि येथे एक खाचखळगा आहे जो बहुतेकांना उशिरा कळतो. मोठ्या कंपन्यांत कर्मचारी अंतर्गत पोर्टलवरून ओळखीच्या उमेदवाराचे नाव सुचवतो आणि नेमणूक झाल्यास त्याला बक्षिसाची रक्कम मिळते. म्हणजे तो उपकारच करत असतो असे नाही. पण बऱ्याच कंपन्यांच्या नियमानुसार उमेदवाराने आधी स्वतः अर्ज केलेला असेल तर काही महिने त्याचे रेफरल धरले जात नाही, कारण नाव यंत्रणेत आधीच नोंदलेले असते. दोन महिने सगळीकडे अर्ज टाकणाऱ्या आपल्या उदाहरणातल्या बाईने अशी काही दारे नकळत स्वतःच बंद केली होती. ज्या कंपनीत ओळख निघण्याची शक्यता आहे तेथे आधी फोन, मग रेफरल, हा क्रम पाळावा. सुचवणाऱ्याला रेझ्युमेबरोबर जाहिरातीचा जॉब आयडी आणि आपल्याबद्दलची तीन वाक्ये तयार करून द्यावीत, कारण तेथे त्याला टिप्पणी लिहावी लागते आणि आयते मिळाले तर तो त्याच दिवशी लिहितो.

रेझ्युमेमध्ये खंड लपवू नये. हा नीतीचा मुद्दा आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो. भारतात पीएफ कापणाऱ्या कंपन्यांची नोंद यूएएन क्रमांकावर जमा होत असते आणि कोणत्या कंपनीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतात, हे त्या सेवा-इतिहासात दिसते. पार्श्वभूमी तपासणीत रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या पगारपत्रिका आणि बऱ्याचदा हा इतिहासही मागतात. २०१९ च्या जागी २०२१ लिहिणाऱ्याची ऑफर हातात आलेली निघून जाते. नातेवाइकाच्या दुकानाचे नाव ‘कन्सल्टन्सी’ म्हणून घालणाऱ्यांचेही तेच होते.

उलट, खंड सरळ एका ओळीत लिहावा: ‘२०१९–२०२५: कौटुंबिक जबाबदारीसाठी नियोजित विराम; २०२५ मध्ये ऑटोमेशन टेस्टिंगचे प्रशिक्षण व प्रकल्प’. लिंक्डइनने मार्च २०२२ पासून खंड ही स्वतंत्र नोंद म्हणून प्रोफाइलमध्ये टाकण्याची सोय दिली आहे, कारणासकट. ब्रिटनमध्ये नऊ हजारांहून अधिक अर्जांवर झालेल्या एका प्रयोगात प्रत्येक नोकरीपुढे तारखांऐवजी ‘चार वर्षे’, ‘तीन वर्षे’ असा कालावधी लिहिल्यावर बोलावणी वाढलेली दिसली. भारतातील पोर्टलवर महिना-वर्ष भरावेच लागते, त्यामुळे ही युक्ती पूर्णपणे चालत नाही. तरी रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत ‘बँकिंग क्षेत्रात टेस्टिंगचा सात वर्षांचा अनुभव’ हे ठळक लिहायला कोणाची हरकत नसते.

मुलाखतीतले उत्तर तीस-चाळीस सेकंदांचे असावे आणि त्याला तीन टप्पे असावेत: का थांबलो, ते कारण आता का उरलेले नाही, आणि आता कामाला काय तयार आहे. मधला टप्पा लोक विसरतात. तोच तर ‘पुन्हा सोडून जाईल’ या शंकेचे उत्तर असतो. आपल्या उदाहरणात ते असे होईल: ‘मुलगा लहान होता आणि सासरे आजारी होते म्हणून मी २०१९ मध्ये थांबले. आता मुलगा पूर्ण दिवस शाळेत असतो आणि घरी सांभाळायला माणूस आहे. गेल्या काही महिन्यांत मी प्लेराइटवर एक प्रकल्प केलाय, त्यात लॉगिनच्या टेस्ट अधूनमधून उगाच फेल होत होत्या, त्या कशा सोडवल्या ते दाखवू का?’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे. त्याने संभाषण घरातून उठून कामावर येते आणि बहुतेक मुलाखतकार आनंदाने मागोमाग येतात, कारण घरगुती प्रश्न विचारताना तेही अवघडलेले असतात.

उत्तर बिघडते ते लांबल्यामुळे. सासऱ्यांची फिजिओथेरपी, जाऊबाईंचा असहकार, बदललेल्या तीन मोलकरणी हे सगळे खरे असते, पण मुलाखतकाराला त्यातून एवढेच ऐकू येते की अडचणी अजून संपलेल्या नाहीत. दुसरी चूक म्हणजे ‘घर हीच मोठी कंपनी असते, तिथे मी मॅनेजमेंट शिकले’ अशी सजावट. टेस्टिंगच्या जागेसाठी ते वाक्य ऐकणारा मनातल्या मनात डोळे फिरवतो. उत्तर लांबते आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पुढचा प्रश्न. तो कामाबद्दल आला तर उत्तर पोहोचले. तो पुन्हा खंडाबद्दलच आला तर मधला टप्पा कच्चा राहिला.

कारण वेगळे असले तरी साचा हाच राहतो. स्वतःच्या आजारपणाबद्दल निदानाचे नाव सांगण्याची गरज नसते. ‘प्रकृतीचे कारण होते, उपचार पूर्ण झाले, आता कामावर कोणतीही मर्यादा नाही’ एवढे पुरते, अर्थात ते खरे असेल तर. महाराष्ट्रात एक खंड फार मोठ्या संख्येने दिसतो तो एमपीएससी-यूपीएससीच्या तयारीचा. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये चार-पाच वर्षे घालवून बाहेर पडणाऱ्या तरुणाला अपयश सांगायची लाज वाटते. त्याने किती टप्पे पार केले ते आकड्यांत सांगावे, म्हणजे पूर्वपरीक्षा दोनदा, मुख्य एकदा, असे. त्यानंतर प्रयत्न थांबवले आहेत हेही स्पष्ट सांगावे. पुढच्या वर्षीचा फॉर्म भरलेला उमेदवार कोणालाच नको असतो.

काही कंपन्या खास परतणाऱ्यांसाठी दार ठेवतात. गोल्डमन सॅक्सने २००८ मध्ये ‘रिटर्नशिप’ या नावाने काही आठवड्यांची पगारी इंटर्नशिप अमेरिकेत सुरू केली. टाटा समूहाने त्याच वर्षी खंड पडलेल्या स्त्रियांसाठी सेकंड करिअर कार्यक्रम आणला. पुढे अनेक आयटी कंपन्यांनी असे कार्यक्रम काढले. यांत शिरण्याआधी मानधन किती, मुदत किती आणि मुदतीनंतर कायम करण्याचे प्रमाण काय, हे विचारून घ्यावे. जागा थोड्या आणि मुख्यतः मोठ्या शहरांत असतात, त्यामुळे त्यांच्यावरच विसंबणे बरोबर नाही. संशोधन सोडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वेगळ्या योजना आहेत.

पगाराच्या वेळी एचआर शेवटचा पगार विचारते आणि २०१९ च्या आकड्यावर टक्केवारी लावते. तो आकडा खरा सांगावा, पण अपेक्षा आजच्या बाजारभावाने सांगावी, जो फोनवरच्या गप्पांत आधीच विचारून ठेवलेला असतो. पदात एक पायरी खाली उतरणे समजण्यासारखे आहे, पगारात अर्ध्यावर येणे नाही. परतणाऱ्याच्या हातात एक हुकमाचे पान असते. नोकरीत असलेल्या उमेदवाराला आयटीत दोन-तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तर हा सोमवारी रुजू होऊ शकतो. प्रोफाइलमध्ये नोटीस पिरियडचा रकाना रिकामा न सोडता ‘तत्काळ’ भरावा. प्रकल्पात अचानक जागा रिकामी झालेल्या मॅनेजरला त्याचीच गरज असते.

रुजू होण्याआधी कागद तपासावेत. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती ईपीएफओच्या पोर्टलवर Mark Exit मधून स्वतः भरता येते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे पदवीपत्र, आधार, पॅन आणि पीएफ यांवरील नाव जुळत नसेल तर ऑफरनंतरचा पंधरवडा त्यातच जातो, म्हणून ते काम नोकरी शोधतानाच उरकावे. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्यावा, नवा काढू देऊ नये. २०१२ मध्ये लागलेली ही बाई कर्मचारी पेन्शन योजनेची सदस्य आहे. या योजनेत पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि मधला खंड आधीची वर्षे पुसत नाही. तिने पेन्शनची रक्कम काढून घेतली नसेल तर जुनी सात धरली जातात आणि आणखी तीन वर्षांत ती पात्र होते. काढून घेतली असेल तर ती सात वर्षे गेली. सप्टेंबर २०१४ पासून १५ हजारांवर मूळ वेतन असलेल्यांना या योजनेत नव्याने शिरता येत नाही, त्यामुळे घरी थांबलेल्या काळात पीएफ काढण्याचा अर्ज भरताना पेन्शनच्या रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागावे.